सोसायटीतल्या गॅसच्या नळ्या आणि रेग्युलेटर: फोटोवरून तपासणीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या सांगलीतल्या सोसायटीत पाइपचा गॅस अजून आलेला नाही. प्रत्येक ओट्याखाली टाकी आहे. मागच्या महिन्यात एका घरची नळी शेगडीच्या टोकाशी तडकलेली निघाली, तीही टाकी द्यायला आलेल्या मुलाला वास आला म्हणून. त्यावरून आजच्या मीटिंगमध्ये ठरलं की सगळ्यांच्या नळ्या आणि रेग्युलेटर एकदा बघून घ्यायचे. घरोघर जाऊन ओट्याखाली वाकायला कुणाला सवड नाही आणि निम्मी घरं दिवसा कुलपात असतात. म्हणून फोटो मागवायचे ठरलं. मी कुपवाड एमआयडीसीत डायकास्टिंगच्या मालाचं इन्स्पेक्शन करतो, त्यामुळे काम माझ्याकडे आलं.

ग्रुपवर टाकलेली मागणी अशी: नळीवरचा छापील मजकूर, नळीची दोन्ही टोकं, रेग्युलेटर वरून आणि रेग्युलेटर खालून. खालचा फोटो काढण्याआधी रेग्युलेटरची कळ बंद करायची, तो टाकीवरून उतरवायचा आणि टाकीला प्लास्टिकची टोपी लावायची. गॅसचा वास येत असेल तर फोटोच्या भानगडीत पडायचं नाही. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन करायचा. हे वाक्य सगळ्यात वर ठेवलं.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. गुळपोळ्यांच्या धांदलीत कुणी टाकीवरून रेग्युलेटर उतरवणार नाही हे आधीच लक्षात यायला हवं होतं. जे थोडे फोटो आले त्यातले बहुतेक फुकट गेले.

नळी नारिंगी, गोल आणि गुळगुळीत असते. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा पट्टा उमटतो आणि अक्षरं नेमकी त्या पट्ट्याखाली जातात. दुसरी अडचण अशी की मजकूर नळीच्या लांबीवर पसरलेला असतो. फोटोत ‘आयएस’ दिसतं, पुढचा आकडा चौकटीबाहेर. तिसरी अडचण व्हॉट्सअॅपची. ते फोटो दाबून लहान करतं, आणि मग तीन आणि आठ सारखेच दिसायला लागतात.

१९ जानेवारी

घरी आमच्याच नळीवर दुपारभर फोटो काढून बघितले. जमलं ते लिहून ठेवतो.

फ्लॅश बंद. दुसऱ्या माणसानं टॉर्च बाजूनं, जवळजवळ नळीला समांतर धरायची. अक्षरं दाबून उमटवलेली असली तर त्यांच्या कडेला सावली पडते आणि आकडा उठून दिसतो. सावली शाईच्या छपाईला उपयोगी नाही, तिला खिडकीजवळचा साधा उजेड पुरतो. फोन वीतभर लांब धरायचा. अगदी नाकाशी नेला की कॅमेरा फोकस धरत नाही आणि फोन स्वतःच कडा धारदार करून नसलेले आकडे रंगवतो. नळी थोडी थोडी फिरवत, सरकवत तीन-चार फोटो घ्यायचे, शेजारच्या दोन फोटोंत एखादं अक्षर सामाईक यायला हवं. तोच मजकूर नळीवर ठरावीक अंतरानं पुन्हा येतो, त्यामुळे एका जागी पुसलेला आकडा दुसऱ्या जागी सापडतो. पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, म्हणजे दाबला जात नाही.

तरीही वाचता येत नसेल तर खोलगट अक्षरांवर खडूची भुकटी चोळून वरचा थर कोरड्या फडक्यानं पुसायचा. उठावाच्या अक्षरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर फोटोऐवजी असा कागदच आणून दिला, आणि आलेल्या सगळ्या फोटोंपेक्षा तो चांगला वाचता आला.

२३ जानेवारी

फोटो आता वाचण्याजोगे येताहेत. आज नळ्यांच्या तारखा घेऊन बसलो.

घरगुती गॅसच्या रबरी नळीचं मानक आयएस ९५७३. नळीवर हा आकडा, आयएसआयचं चिन्ह, त्याखाली सीएम/एल म्हणून परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव आणि उत्पादनाचा महिना-वर्ष असं सगळं सापडलं पाहिजे. तारखेची गंमत म्हणजे ती प्रत्येक कारखाना आपल्या पद्धतीनं लिहितो. ‘०३/१९’ सरळ आहे, मार्च २०१९. एका नळीवर मात्र नुसता चार आकडी बॅच क्रमांक होता, आणि घरच्यांनी तो वर्ष-महिना म्हणून मला कळवला होता. त्याच नळीवर हातभर पुढे खरी तारीख छापलेली निघाली. म्हणून एका फोटोवरून तारीख लिहायची नाही, पूर्ण मजकूर एकदा तरी सलग लावून बघायचा.

तेल कंपन्या नळी पाच वर्षांनी बदलायला सांगतात. पाच वर्षं कधीपासून, यावर ग्रुपवर बराच वाद झाला. ‘आम्ही मागच्या वर्षीच घेतली’ असं एक घर सांगत होतं, पण नळीवर २०१८ होतं. म्हणजे ती दुकानात पडून होती. रबर दुकानातही म्हातारं होतं, हवेतला ओझोन आणि उष्णता त्याला तिथंही सोडत नाहीत. आम्ही छापील तारखेपासून मोजायचं ठरवलं. पावती कुणाकडेच नसते, छापील तारीख निदान नळीवर असते.

ज्यांच्या नळीवर मजकूरच नाही, त्यांच्याशी वाद घातला नाही. दोन घरी जुन्या पद्धतीची हिरवी, तार नसलेली नळी निघाली. ती तारीख न बघताच बदलायच्या यादीत टाकली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन झाल्यावर लोक खाली होतेच. तीन नळ्या हातात घेऊन दाखवता आल्या.

आज ज्या नळीनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तिची गोष्ट. फोटोत नारिंगी रंग, छपाई ठळक, आयएस ९५७३ लिहिलेलं, तारीख २०२३ ची. मी ती जवळजवळ बरोबर म्हणून पुढे सरकवलीच होती. मग टोकाच्या फोटोकडे लक्ष गेलं. नळीचं कापलेलं तोंड समोरून दिसत होतं, आणि त्यात तार कुठेच दिसत नव्हती.

घरगुती वापराच्या नारिंगी ‘सुरक्षा’ नळीत तीन थर असतात. आतली नळी गॅसला टिकणाऱ्या रबराची, तिच्यावर पोलादी तारेची वीण, आणि वर आगीला लवकर न पेटणारं नारिंगी आवरण. कापलेल्या तोंडावर दोन रबरांच्या मधे तारेचे बारीक चमकते ठिपके गोलाकार दिसतात. जुन्या नळीत ते गंजून तपकिरी होतात आणि बोटाला टोचतात, पण असतात. उंदरानं कुरतडलं किंवा गरम भांडं टेकलं तर गॅस आणि स्वयंपाकघर यांच्या मधे उभी राहते ती हीच वीण. या नळीत ती नव्हतीच. वर नारिंगी, आत काळं, आणि मधे काही नाही.

शिवाय नळीचं भोक मध्यावर नव्हतं. एका बाजूची भिंत दुसऱ्या बाजूच्या दीडपट जाड. रबर साच्यातून ढकलताना आतली पिन सरकली की असं होतं. पातळ बाजू नोझलवर ताणली जाते आणि तडा तिथूनच सुरू होतो. हे मोजायला काही लागत नाही, फोटो मोबाइलवर मोठा करून पट्टी धरली तरी कळतं. फक्त फोटो तोंडाच्या अगदी समोरून हवा. तिरका काढला तर चांगली नळीही एकीकडे जाड दिसते.

तोंडाचा फोटो काढायला नळी शेगडीवरून काढावी लागते. रेग्युलेटर टाकीवरून उतरवून बाजूला ठेवल्याशिवाय हे करायचं नाही, आणि परत बसवताना नोझलच्या शेवटापर्यंत ढकलायची. ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडे मी किंवा सेक्रेटरी जातो.

घरमालकांनी ही नळी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून घेतली होती. दुकानदारानं त्यावर ‘कंपनीची आहे’ असं सांगितलं होतं.

१ फेब्रुवारी

रेग्युलेटर. हा माझ्या धंद्यातला माल, म्हणून जरा जास्त रेंगाळलो.

मानक आयएस ९७९८. टाकीतला दाब उतरवून शेगडीला साधारण ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच द्यायचा, हे त्याचं काम. एजन्सीकडून आलेल्या रेग्युलेटरवर तेल कंपनीचं नाव किंवा चिन्ह, बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, वर्ष आणि आयएसआयचं चिन्ह असतं. चिन्हाच्या डोक्यावर मानकाचा आकडा आणि पायाशी परवाना क्रमांक. नुसतं चिन्ह, वर-खाली काही नाही, असं असेल तर ते चित्र समजायचं.

वर्ष शोधताना एक घोटाळा वारंवार झाला. प्लास्टिकच्या कळीच्या आतल्या बाजूला लहानसं घड्याळ असतं: कडेनं एक ते बारा, मधे बाण, बाणाच्या दोन्ही बाजूंना एकेक आकडा. बाण सातवर आणि दोन बाजूंना १ आणि ६ असतील तर कळ जुलै २०१६ मध्ये साच्यातून निघाली. लोक ही तारीख रेग्युलेटरची म्हणून पाठवत होते. ती फक्त त्या कळीची असते. कळ आधी बनते, रेग्युलेटर नंतर जुळतो, त्यामुळे कळ थोडी जुनी असणं साहजिक आहे.

उलटं झालं तर मात्र थांबायचं. एका रेग्युलेटरच्या धातूच्या अंगावर २०१४ आणि कळीत २०२१ निघालं. नंतर बनलेली कळ आधीच्या रेग्युलेटरवर कारखान्यात बसू शकत नाही. म्हणजे कुणीतरी तो उघडला होता. विचारल्यावर कळलं की कळ फिरत नव्हती म्हणून शेगडी दुरुस्त करणाऱ्यानं ‘दुसरी टाकून दिली’. उघडलेल्या रेग्युलेटरच्या आत दाब राखणारा रबरी पडदा कसा बसवलाय हे फोटोत दिसत नाही, आणि हा माल दुरुस्त करून वापरायचा नसतो. एजन्सीकडे बदलून घ्यायच्या यादीत गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज एका रेग्युलेटरनं पूर्ण रविवार घेतला. सविस्तर लिहितो, कारण हाच प्रसंग दुसऱ्यांना येणार.

पहिल्या फोटोत सगळं होतं. चिन्ह, वर आकडा, खाली सीएम/एल. पण ओतकाम डोळ्यात खुपत होतं. अंगाच्या मधोमध जिथे साच्याचे दोन अर्धे मिळतात तिथे पातळ पापुद्रा शिल्लक होता आणि तो कानशीनं वेडावाकडा घासला होता. अक्षरांच्या कडा गोलसर होत्या, ‘९’ चं पोट भरलेलं. खऱ्या मालावरून छाप घेऊन साचा बनवला की असं होतं, प्रत्येक नकलेत अक्षर थोडं बोथट होतं. पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही. अस्सल कारखान्याचा साचाही लाखभर ओतींनंतर झिजतो आणि त्याची अक्षरंही मऊ पडतात. ओतकाम वाईट दिसलं की पुढची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ.

पुढची तपासणी म्हणजे परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये सीएम/एल क्रमांक टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या मानकाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. जुन्या मालावर सात आकडी क्रमांक असतात, नव्यावर दहा आकडी. आपल्या फोटोत दोन आकडे संशयाचे होते, एक तीन किंवा आठ, दुसरा एक किंवा सात. घरच्यांना बाजूनं टॉर्च धरून पुन्हा फोटो काढायला सांगितलं, तेव्हा पहिला आकडा आठ निघाला. दुसऱ्याचा उलगडा झाला नाही, म्हणून दोन्ही शक्यता अॅपमध्ये टाकल्या. एक क्रमांक सापडलाच नाही. दुसरा सापडला, पण तो परवाना वेगळ्याच वस्तूचा, वेगळ्याच मानकाखालचा होता. रेग्युलेटरवरची बनवणाऱ्याची खूणही त्या नावाशी जुळत नव्हती.

अॅपमध्ये क्रमांक सापडला म्हणजे माल खरा, असं होत नाही. मानकाचा आकडा, बनवणाऱ्याचं नाव आणि परवान्याचा काळ, तिन्ही जुळायला हवेत. काळाच्या बाबतीत उलटी चूकही होऊ शकते. परवाना आज बंद दिसला म्हणून जुना रेग्युलेटर खोटा ठरत नाही. तो बनला त्या वर्षी परवाना चालू होता का, हे बघायचं.

या रेग्युलेटरवर तेल कंपनीचं नाव नव्हतं. मूळचा बिघडल्यावर घरच्यांनी बाहेरून घेतला होता आणि मूळचा भंगारात गेला होता. एजन्सीनं ‘हरवला’ असं धरून पैसे भरून घेतले आणि नवा दिला. मूळचा बिघडलेला तसाच नेऊन दिला असता तर हा खर्च वाचला असता. ग्रुपवर लिहून टाकलं: बिघडलेला रेग्युलेटर फेकू नका, तो तुमच्या नावावर अनामत भरून घेतलेला आहे.

१६ फेब्रुवारी

दोन घरांची तक्रार होती की फोटोत सगळं बरोबर आहे म्हणता, पण त्रास आहेच.

पहिल्या घरी ज्योत आपोआप लहान-मोठी होत होती. रेग्युलेटरच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, आतला पडदा वर-खाली होताना त्यातून हवा ये-जा करते. फोटो मोठा केल्यावर ते भोक फोडणीच्या तेलानं आणि धुळीनं बुजलेलं दिसलं. मालक टाचणी घेऊन तयारच होते, त्यांना थांबवलं. भोकाच्या मागे लगेच पडदा असतो, टाचणीनं तो फाटला तर गॅस त्याच भोकातून बाहेर यायला लागेल. बाहेरून पुसून बघायचं, नाही जमलं तर बदलून घ्यायचा. बदलून घेतला.

दुसऱ्या घरी एखाद्या टाकीला वास यायचा, पुढच्या टाकीला नाही. रेग्युलेटर बदलूनही फरक पडला नव्हता. टाकीच्या तोंडाचा फोटो मागवला. वॉल्वच्या आत काळी रबरी रिंग असते, रेग्युलेटरची नळकांडी तिच्यावर दाबून बसते. या टाकीत ती रिंग एका जागी तुटलेली होती. म्हणजे दोष टाकीचा, आणि म्हणूनच तो टाकीगणिक येत-जात होता. टाकी एजन्सीनं बदलून दिली. आता टाकी घेताना टोपी काढून ही रिंग बघायची आणि वॉल्वमध्ये साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते आणणाऱ्याकडूनच तपासून घ्यायचं, असं ठरलंय.

एवढ्या फोटोंनंतर माझं मत पक्कं झालंय की फोटोवरून नापास करता येतं, पास करता येत नाही. तारीख गेली, वीण नाही, क्रमांक जुळत नाही, हे फोटो सांगतो. नळी वाकवल्यावर बाहेरच्या कडेला उघडणारे बारीक तडे, आतून कडक झालेलं रबर, पडद्याची अवस्था यातलं काहीही सरळ ठेवलेल्या नळीच्या फोटोत येत नाही. म्हणून माझ्या यादीत ‘बरोबर’ असा रकानाच नाही. ‘फोटोत दोष नाही’ असा आहे, आणि त्याच्यापुढे साबणाच्या पाण्याच्या तपासणीची तारीख.

२३ फेब्रुवारी, रविवार

नळ्या आणल्या. एजन्सीकडून दीड मीटरच्या, प्रत्येकी १५० रुपये. दीड मीटरपेक्षा लांब घ्यायची नाही आणि जोड देऊन वाढवायची नाही. दोन घरांत टाकी खिडकीबाहेर ठेवायची म्हणून लांब नळी हवी होती, त्यांना नाही म्हटलं. त्यातल्या एकांनी अजून ऐकलेलं नाही.

आणलेल्या नळ्यांचेही तोंडाचे आणि मजकुराचे फोटो वाटण्याआधी काढून ठेवले. सगळ्यांत तारेची वीण आहे, पण एका नळीवर तारीख दीड वर्षापूर्वीची निघाली. वाईट नाही, पण पाचातलं दीड वर्ष दुकानातच गेलं, म्हणून ती परत करून ताजी आणली. एजन्सीतल्या पोरानं कुरकुर केली, बदलून मात्र दिली.

बसवल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. काडी पेटवून बघणारे अजूनही आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी लागली. जुन्या नळ्या मधोमध कापून टाकल्या, नाहीतर कुणीतरी बागेच्या नळाला लावण्यासाठी नेतं आणि पुढच्या वर्षी तीच कुणाच्या तरी गावच्या शेगडीला दिसते.

राहिलेली कामं: बाहेरगावी असलेल्या चार घरांचे फोटो, लांब नळीवाल्यांची समजूत, आणि कळ बदललेला तो रेग्युलेटर. एजन्सीचा माणूस सोमवारी येतो म्हणालाय.